डाव्या हाताची राखण

लॅबमधून रक्त काढायला आलेला मुलगा पेशंटचा हात हातात घेतो, तेव्हा त्याची नजर आधी शीर शोधते. किडनीच्या जुन्या पेशंटच्या हातावर ती सहजासहजी सापडत नाही. वर्षानुवर्षांच्या तपासण्यांनी आणि सलाइनांनी शिरा वाळून गेलेल्या असतात. तेवढ्यात डाव्या हातावर, कोपराच्या वर, बोटाएवढी जाड आणि ठसठशीत शीर त्याला दिसते. त्याला हायसं वाटतं. तो पट्टा बांधायला जातो आणि जाणता पेशंट हात झटकन मागे घेतो. "तो नाही. हा घे."

ती शीर म्हणजे एव्ही फिस्टुला. डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला साधारण 250 ते 350 मिली रक्त लागतं आणि तेही सलग चार तास. हाताच्या साध्या शिरेतून एवढं रक्त निघत नाही. धमनीत ते भरपूर असतं, पण धमनी खोल असते आणि तिच्यात आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुई घालणं परवडणारं नाही. म्हणून सर्जन मनगटाजवळ किंवा कोपराजवळ लहानसं ऑपरेशन करून शीर थेट धमनीला शिवतो. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसतं, शीर रुंदावत जाते, तिची भिंत जाड होते. सहा-आठ आठवड्यांत, काहींना तीन महिन्यांतही, ती सुई झेलण्याजोगी होते. तयार फिस्टुला सुमारे 6 मिमी रुंद असावा, कातडीखाली 6 मिमीपेक्षा खोल नसावा आणि त्यातून मिनिटाला किमान 600 मिली रक्त वाहावं, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असतो.

या साध्या युक्तीला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. 1960 साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी वापरून पेशंटच्या हातावर धमनी आणि शीर बाहेरून जोडली. त्यामुळे माणसाला पुन्हापुन्हा डायलिसिस देणं पहिल्यांदा शक्य झालं. पण कातडीबाहेर लटकणारी ती नळी तुंबायची, निसटायची, पिकायची. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रेशिया आणि सिमिनो नुसत्या शिरेत सुया घालून डायलिसिस करून बघत होते, पण पुष्कळ पेशंटांच्या शिरा पुरेसं रक्त देत नव्हत्या. मग त्यांचे सर्जन सहकारी अ‍ॅपेल यांनी कातडीच्या आतच धमनी आणि शीर जोडून दिली. 1966 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज सांगली-कोल्हापूरकडच्या तालुक्याच्या डायलिसिस सेंटरमध्ये सकाळच्या पाळीला खुर्चीवर हात लांब करून बसलेल्या माणसाच्या मनगटावर जो टाक्यांचा वण दिसतो, तो मुळात त्याच जोडाचा.

अशाच एका सेंटरमध्ये मी एका ऊसवाल्या शेतकऱ्याची गोष्ट जवळून पाहिली. वय पन्नाशीच्या पुढे. ब्लड प्रेशरने किडन्या गेल्या. मनगटावरचा पहिला फिस्टुला तयारच झाला नाही, दुसरा कोपरावर केला. सेंटरमधले सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणेन.

आधी हाताच्या राखणीबद्दल. 'या हातावर बीपी घेऊ नये, रक्त काढू नये, सलाइन लावू नये' ही पाटी डायलिसिसच्या प्रत्येक खाटेवर टांगलेली असते. मला ती पाटी नेहमी चुकीच्या जागी लावलेली वाटते. डायलिसिसच्या हॉलमध्ये त्या हाताला कोणी तसा हात लावतच नाही. तिची गरज कॅज्युअल्टीत आहे, बाहेरच्या लॅबमध्ये आहे आणि डोळ्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन होतं त्या थिएटरमध्ये आहे. तिथला माणूस मशीनसारखा दिसेल तो हात धरतो. पेशंट बेशुद्ध असेल तर सांगणार कोण? म्हणून घरातल्या निदान एकाला हे तोंडपाठ असावं लागतं. मामांच्या सूनबाईंनी त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात 'डावा हात वापरू नका' असं लिहून ठेवलंय.

मामांनी एकदा मला विचारलं होतं, "आठवड्याला दाभणाएवढ्या सुया खुपसतात त्या चालतात, आणि लॅबवाल्याची एवढीशी सुई चालत नाही, ती का?" प्रश्न रास्त आहे. बीपीचा पट्टा आवळला की तेवढा वेळ फिस्टुल्यातलं रक्त थांबतं, आणि थांबलेलं रक्त गोठतं. दुसरं असं की लॅबचा मुलगा शीर आरपार छेदू शकतो. मग रक्त बाहेर झिरपून कातडीखाली गाठ धरते आणि ती गाठच शिरेवर बाहेरून दाबते. डायलिसिसच्या सुया घालणाऱ्याला ती शीर रोजच्या ओळखीची असते. हात साबणाने धुवून, औषधाने पुसून, सुईची दिशा ठरवूनच तो सुई घालतो.

बाहेरच्या दाबाचे प्रकार घरात पुष्कळ आहेत आणि कागदावर ते सगळे येत नाहीत. घट्ट बाहीचं ब्लाउज, आवळ इलॅस्टिकचा स्वेटर, घड्याळ, मनगटात गच्च बसलेल्या हिरव्या बांगड्या, राखी, गंडा. बाजारातून येताना कोपराच्या खोबणीत अडकवलेली जड पिशवी. नातवाचं डोकं त्याच हातावर घेऊन झोपवणं. आणि सगळ्यांत दगाबाज म्हणजे झोपेत हात अंगाखाली येणं. बांगड्या भरायच्याच असतील तर उजव्या हातात भराव्यात, असं सिस्टर सरळ सांगतात. सणासुदीला त्यावरून घरात रुसवे-फुगवे होतात तेही त्या ऐकून घेतात. मात्र हात वापरायचाच नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये. टाके भरले की डॉक्टर मऊ चेंडू दाबायला सांगतात तो शीर लवकर तयार व्हावी म्हणून. जेवण, लिखाण, धुणं, हलकी कामं सगळी चालतात. हात गळ्यात अडकवून बसणाऱ्यांचा खांदा आखडतो, फिस्टुल्याला त्याने काहीच मिळत नाही.

आता थ्रिलकडे येतो.

फिस्टुल्यावर दुसऱ्या हाताची बोटं अलगद ठेवली की आत एक बारीक, सलग थरथर लागते. तिलाच सेंटरमध्ये सगळे थ्रिल म्हणतात. धमनीचं जोराचं रक्त रुंद शिरेत शिरताना घुसळतं, तिथून ही थरथर येते. जोड दिला त्या टाक्याच्या जागी ती सर्वांत जोरात असते आणि वर खांद्याकडे जाताना हळूहळू मऊ होत जाते. कान लावला किंवा स्टेथोस्कोप ठेवला तर तीच सलग घुमणारी गुणगुण म्हणून ऐकू येते. तपासायची कशी? सकाळी उठल्यावर, रात्री झोपण्याआधी आणि डायलिसिसहून घरी आल्यावर, दोन बोटांच्या पेरांनी, दाब न देता. टाक्यापासून सुरुवात करून वरपर्यंत सगळी शीर चाचपायची. बहुतेक लोक एकाच जागी बोट ठेवतात, थ्रिल आहे म्हणतात आणि मोकळे होतात. बिघाड त्यातून सुटतो, कारण फिस्टुला एका रात्रीत बंद पडला असं वाटतं, तेव्हाही त्याआधी कितीतरी आठवडे त्याची चाल बदललेली असू शकते.

मामांच्या बाबतीत ती बदलली होती. ते म्हणाले, "आधी बारीक करंट असायचा, आता नुसते ठोके लागत्यात." त्यांना वाटलं, ठोके जोरात म्हणजे फिस्टुला झकास चाललाय. सिस्टरांनी ऐकलं आणि त्यांचे कान टवकारले.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. निरोगी फिस्टुल्यात रक्त हृदयाच्या ठोक्याला आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही अखंड पुढे पळत असतं, म्हणून थरथर सलग असते. पुढे खांद्याच्या बाजूला शीर कुठे चिंबली असेल तर रक्ताला वाट मिळत नाही, ते त्या अरुंद जागेवर आपटतं आणि मागच्या शिरेत ठोका उठतो. थरथर हरवते, शीर टणक लागते. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनीच उदाहरण दिलं: ठिबकच्या पाइपवर पुढे पाय पडला की मागे पाइप फुगतो, तसं. अडथळा जर जोडाजवळ असेल तर उलट होतं. शिरेत रक्तच कमी येतं, थ्रिल क्षीण होतं, शीर पोचट लागते आणि मशीनला रक्त ओढायला कष्ट पडतात.

सिस्टर म्हणाल्या, "मामा, हात वर करा बघू. डोक्याच्या वर."

ही चाचणी कोणालाही घरी करता येते. हात हृदयाच्या पातळीच्या वर धरला की फुगलेली शीर मोकळी होऊन चपटी पडायला हवी, कारण त्यातलं रक्त उताराने छातीकडे निघून जातं. मामांची शीर वर केलेल्या हातावरही तशीच टरटरीत उभी राहिली. आडवा आलेला अडथळा जोडाच्या पुढे, छातीच्या बाजूला आहे, हे तिथेच जवळपास नक्की झालं.

मग सिस्टरांनी मागच्या महिन्या-दीड महिन्याचे डायलिसिस चार्ट काढले. मशीनमध्ये एक आकडा असतो, व्हीनस प्रेशर. साफ झालेलं रक्त परत शिरेत ढकलताना किती जोर लागतोय, ते तो दाखवतो. पंप तोच, 300 वर. सुई तीच. आकडा मात्र 130 च्या आसपासून हळूहळू सरकत 200 कडे निघाला होता. एकाच दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही, सुईचं टोक भिंतीला टेकलं तरी तो चढतो. पण सलग डायलिसिसांना चढतच गेला तर तो अडथळ्याकडे बोट दाखवतो.

आणि तिसरी खूण मामांनी आपणहून सांगितली होती, पण तक्रार म्हणून. सुई काढल्यावर पूर्वी आठ-दहा मिनिटांत रक्त थांबायचं, आता अर्धा तास दाबून बसावं लागतं आणि गावाकडची एसटी चुकते. ते हेपॅरिनला दोष देत होते. दोष अगदीच खोटा नव्हता. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून डायलिसिसच्या वेळी हेपॅरिन दिलं जातं आणि त्याचा अंमल नंतर काही तास उरतो. पण हेपॅरिनचा डोस बदलला नव्हता. शिरेतला दाब वाढला होता आणि वाढलेला दाब सुईच्या छिद्रातून रक्त बाहेर ढकलत होता. ठोके, चढता आकडा आणि न थांबणारं रक्त या तीन वेगवेगळ्या तक्रारी नव्हत्या. एकाच चिंबलेल्या जागेची ती तीन तोंडं होती.

सोनोग्राफीवाल्यांनी डॉप्लर केलं. कोपरावरच्या फिस्टुल्यात ही जागा बऱ्याचदा खांद्याशी सापडते, जिथे वरची शीर वळण घेऊन आतल्या मोठ्या शिरेला मिळते. मामांचीही तिथेच अरुंद झाली होती. मनगटावरच्या फिस्टुल्यात ती बहुधा टाक्यापासून थोड्याच अंतरावर असते. ज्यांच्या मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाखाली पूर्वी कॅथेटर घातलेलं असतं, त्यांच्या छातीतल्या मोठ्या शिरा आवळतात. मग सगळा हात सुजतो आणि खांद्यावर, छातीवर बारीक निळ्या शिरांचं जाळं दिसू लागतं. गळपट्टीच्या हाडाखालचं कॅथेटर किडनीतज्ज्ञ शक्य तो टाळतात ते यासाठीच.

मामांना पुण्याला पाठवलं. फिस्टुल्यातूनच बारीक तार वर नेली, तिच्यावरून फुगा अरुंद जागी नेऊन फुगवला. जागा बधिर करून हे होतं, पोट कापावं तसं काही नसतं, मात्र फुगा फुगतो तेव्हा खांद्यात कळ येते. टेबलावर असतानाच डॉक्टरांनी मामांचा उजवा हात डाव्यावर ठेवून दिला. थरथर परत आली होती.

रक्त थांबवण्याचीही एक रीत आहे आणि ती नीट कोणी शिकवत नाही. सुई पूर्ण बाहेर आल्यावरच दाब द्यायचा. सुई आत असताना दाबली तर तिच्या धारेने शीर कापली जाते. सुई तिरकी जाते, त्यामुळे कातडीवरचं छिद्र आणि शिरेवरचं छिद्र एकाखाली एक नसतात. म्हणून गॉझ ठेवून दोन बोटं, एक कातडीच्या छिद्रावर आणि दुसरं सुई ज्या दिशेने गेली होती त्या बाजूला जरा पुढे. दाब इतकाच की रक्त थांबावं, पण बोटांच्या वर-खाली थ्रिल लागत राहावं. थ्रिल पूर्ण गेलं तर तुम्ही फिस्टुलाच बंद करताय. दहा मिनिटं गॉझ उचलून बघायचं नाही. "थांबलं का?" म्हणून दर मिनिटाला उचलून बघणाऱ्याचं रक्त अर्धा तास थांबत नाही.

आणखी एक खोड. एसटी पकडायच्या घाईत पुष्कळ पेशंट दंडाभोवती रुंद पट्टी गच्च आवळून निघतात. रात्री तशीच पट्टी ठेवून झोपतात. डायलिसिसनंतर बीपी आधीच उतरलेलं असतं, पाणी जास्त काढलं असेल तर फारच उतरतं. वरून पट्टीचा फास. सकाळी थ्रिल नसतं. पट्टी घातलीच तर ती छिद्रापुरती असावी, पूर्ण हाताला वेढा नको, आणि घरी पोचल्यावर काही तासांत सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे काढावी. दोन डायलिसिसांच्या मध्ये पाणी आटोक्यात ठेवणं हीही फिस्टुल्याचीच राखण आहे, कारण मशीनवर तीन-चार किलो एकदम काढायची वेळ आली की बीपी कोसळतं.

सकाळी थ्रिल लागलं नाही तर? आधी शीर पूर्ण चाचपायची, मग कुणाला तरी कान लावायला सांगायचं. तरी काही नाही, तर लगेच, त्याच दिवशी, सेंटरला फोन. पुढच्या डायलिसिसची वाट बघायची नाही. मालिश नाही, गरम शेक नाही. गोठलेलं रक्त काढून फिस्टुला वाचवता येतो, पण पहिल्या एक-दोन दिवसांत. जसजसा वेळ जातो तसतशी गाठ घट्ट होत जाते. मग मानेत कॅथेटर आणि नव्या हातावर नवं ऑपरेशन.

आता ज्याची भीती सगळ्यांना असते आणि बोलतं कोणी नाही, ते.

घरी बसल्या जागी फिस्टुला फुटतो. क्वचित होतं, पण होतं तेव्हा मिनिटांचा खेळ असतो. मिनिटाला अर्धा-एक लिटर रक्त वाहणारी शीर आहे ती आणि शरीरात एकूण रक्त साधारण पाच लिटर. हे अचानक झालं असं घरचे सांगतात. मात्र हात आधी बरंच काही सांगून गेलेला असतो. सुई नेहमी त्याच दोन जागी घातली की तिथली कातडी आणि शिरेची भिंत कमकुवत होते, फुगवटा येतो. पेशंटही तीच जागा मागतात, कारण तिथे दुखत नाही. टेक्निशियनलाही ती सोपी पडते. वास्तविक प्रत्येक वेळी मागच्या छिद्रापासून थोडं सरकून सुई घालावी, म्हणजे सगळ्या शिरेला आळीपाळीने विश्रांती मिळते. फुगवट्यावरची कातडी पातळ, चकचकीत, ताणलेली दिसू लागली, खपली पडतच नाही किंवा दर वेळी मोठी होतेय, लाल होऊन पू येतोय, मधल्या दिवशी आपोआप थेंबभर रक्त येऊन थांबलं, यातलं काहीही झालं तर ते पुढच्या पाळीला सांगायचं काम नाही. त्याच दिवशी दाखवायचं. आपोआप आलेला तो थेंब पुष्कळदा मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ वर्दी असतो. खपली खरवडणं तर हातानेच दार उघडण्यासारखं.

फुटलाच तर काय करायचं, हे सिस्टर मामांना आणि सूनबाईंना एकत्र बसवून करून दाखवतात. रक्त जिथून येतंय त्या टिचभर जागेवर बोटाने जोरात दाबायचं. इथे थ्रिल लागतंय का बघत बसायचं नाही, रक्त थांबलं पाहिजे. आडवं व्हायचं, हात उंच धरायचा, दुसऱ्याने 108 ला फोन करायचा आणि 'डायलिसिसचा फिस्टुला फुटलाय' हेच शब्द सांगायचे. घरात एकटं असाल तर एका हाताने दाबून आधी दाराची कडी काढायची. टॉवेल, धोतर, चादर गुंडाळायची नाही. घरातली पहिली धाव तिकडेच असते, पण जाड कापडाने दाब पसरतो, छिद्रावर काहीच पोचत नाही आणि किती रक्त गेलं तेही कळत नाही. बोट पुरत नसेल तर पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण, पोकळ बाजू कातडीकडे करून छिद्रावर पालथं ठेवायचं आणि दाबून धरायचं. झाकणाची कड भोवतीने घट्ट बसते आणि दाब नेमका त्या जागी राहतो. ब्रिटनमध्ये किडनीच्या पेशंटांना हीच सूचना दिली जाते. मदत येईपर्यंत हात उचलायचा नाही.

मामांच्या घरी आता एक झाकण खाटेजवळच्या कोनाड्यात आणि एक शेतावरच्या खोपीत असतं. शिवाय एक वही आहे. डायलिसिसच्या दिवशी रक्त थांबायला किती मिनिटं लागली, तेवढंच सूनबाई तीत लिहितात. फुग्याने रुंद केलेली जागा काही महिन्यांनी पुन्हा आवळू शकते, हे पुण्याच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. नऊ, नऊ, दहा असे आकडे असलेल्या वहीत पाठोपाठ चौदा, अठरा, बावीस आले. तोवर थ्रिल गेलं नव्हतं, ठोकाही नीट उठला नव्हता. पण सूनबाईंनी वही सिस्टरांना दाखवली आणि फुग्याची दुसरी तारीख ठरली. ती दसऱ्याच्या आधी घ्यायची की नंतर, एवढाच वाद घरात झाला आणि मामांनी आधीची घेतली.